बाळ रडतंय म्हणून प्रोबायोटिक थेंब? बाटली उघडण्याआधी हे वाचा

संध्याकाळचे सात वाजले की दीड महिन्याचं बाळ किंचाळायला लागतं. पाय पोटाशी घेतं, चेहरा लाल होतो, दूधही नको म्हणतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत यावर आजी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायची, नाहीतर ग्राइप वॉटरची बाटली निघायची. आता त्या जागी प्रोबायोटिक ड्रॉप्स आलेत. घ्यावेत का? माझं मत : काही बाळांसाठी हो, सगळ्यांसाठी मुळीच नाही.

कोलिक म्हणजे नेमकं काय?

दूध नीट पिणारं, वजन वाढणारं, एरवी निरोगी बाळ दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त रडत असेल, तर डॉक्टर त्याला कोलिक म्हणतात. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरतं.

इथेच सगळी गंमत आहे. सहाव्या आठवड्यात तुम्ही काहीही सुरू केलंत, अगदी साधं पाणी दिलंत, तरी नवव्या आठवड्यात बाळ कमीच रडणार. 'आमच्या बाळाला लगेच फरक पडला' या शेजारणीच्या सांगण्याला म्हणूनच पुरावा म्हणता येत नाही. थेंब घेणारी आणि तसेच दिसणारे खोटे थेंब घेणारी बाळं शेजारी ठेवूनच फरक कळतो.

अभ्यास काय सांगतात?

सर्वाधिक तपासलेला जिवाणू म्हणजे लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, त्यातही 'डीएसएम १७९३८' हा वाण. मात्रा रोज ५ थेंब, म्हणजे सुमारे १० कोटी जिवंत जिवाणू. इटलीत २०१० मध्ये स्तनपानावरच्या बाळांत याचा चांगला परिणाम दिसला. मात्र २०१४ मध्ये मेलबर्नच्या १६७ बाळांवरच्या अभ्यासाने उलट सांगितलं. त्यात अंगावरचं आणि पावडरचं दूध पिणारी, दोन्ही बाळं होती. महिन्याभरानंतर थेंब घेणारी बाळं इतरांपेक्षा दिवसाला ४९ मिनिटं जास्त कुरकुरत होती.

मग २०१८ मध्ये चार अभ्यासांतल्या ३४५ बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. थेंब घेणारी सगळी बाळं मिळून तीन आठवड्यांनी खोट्या थेंबांच्या गटापेक्षा दिवसाला सुमारे २५ मिनिटं कमी रडली आणि हा फायदा मुख्यतः आईचं दूध पिणाऱ्या बाळांत दिसला. पावडरच्या दुधावरच्या बाळांसाठी ठाम काही म्हणता आलं नाही.

२५ मिनिटं म्हणजे जादू नव्हे, पण रात्रभर जागलेल्या आईला तेवढीही कमी नाहीत. फक्त लक्षात ठेवा, हा निकाल त्या एका वाणाचा आहे. बाटलीवर नुसतं 'प्रोबायोटिक' किंवा वेगळ्याच जिवाणूचं नाव असेल, तर तो तिला लागू होत नाही.

नवजात बाळाला धोका आहे का?

पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांत या अभ्यासांमध्ये गंभीर त्रास दिसला नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांच्या अभ्यासात (निकाल २०१७ मध्ये आले) तर वेगळ्या जिवाणूमुळे जंतुसंसर्ग कमी झाले. पण त्यात २ किलोपेक्षा कमी वजनाची बाळं घेतलीच नव्हती.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं, प्रतिकारशक्तीही. तिथे 'चांगला' जिवाणूसुद्धा रक्तात शिरू शकतो. अमेरिकेत १ किलोहून कमी वजनाचं एक बाळ असंच दगावलं. रक्तातला जिवाणू आणि दिलेल्या प्रोबायोटिकमधला जिवाणू जनुकीय तपासणीत एकच निघाला. त्यानंतर २०२३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला. त्याआधी २०१४ मध्ये पावडरमध्ये बुरशी मिसळल्यामुळेही अशा एका बाळाचा मृत्यू झाला होता. म्हणून लवकर जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा एनआयसीयूतून घरी आलेलं बाळ असेल, तर बालरोगतज्ज्ञांशिवाय एकही थेंब नको. अशा बाळासाठी काउंटरवरून सल्ला देणं मेडिकलवाल्यांनीही थांबवावं.

आपल्याकडचा आणखी एक प्रश्न उन्हाचा. जिवाणू जिवंत असतील तरच उपयोग. अनेक बाटल्यांवर २५ अंशांखाली ठेवायला सांगितलेलं असतं आणि किनाऱ्यावरच्या घरात पारा सहज तिशी ओलांडतो. निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मुरूडकडे वीज किती दिवस नव्हती, ते आठवा. बाटली फ्रीजमध्ये चालते का, उघडल्यावर किती दिवस वापरायची, हे लेबलवर पाहा. थेंब गरम दुधात घालू नका आणि ड्रॉपर बाळाच्या तोंडाला लावू नका.

डॉक्टरांनी कोलिक असल्याचं सांगून थेंब दिले, तर रोज किती मिनिटं रडलं ते फोनवर लिहून ठेवा. तीन आठवड्यांत फरक नसेल, तर दुसरी बाटली आणू नका. डायसायक्लोमिन असलेले पोटदुखीचे थेंब सहा महिन्यांच्या आत देऊच नयेत, त्याने श्वास अडकू शकतो.

आणि हिरवी उलटी, शौचात रक्त, ३८ अंश किंवा जास्त ताप, दूध सोडणं, सुस्ती किंवा फुगलेलं कडक पोट यांपैकी काहीही दिसलं, तर तो कोलिक समजू नका. म्हसळा-श्रीवर्धनहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय लांब आहे, त्यामुळे सकाळची वाट न पाहता जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी पोहोचा.