वाक्य तोडू नका, सांधा दुरुस्त करा

नोकरीच्या अर्जाला जोडलेल्या लांबलचक इंग्रजी पत्रात कॉमा चुकले, की सल्ला ठरलेला असतो: ‘वाक्यं छोटी कर, पूर्णविराम देत जा.’ हा सल्ला रोगाचं निदानच चुकवतो. दोष लांबीत नसतो, सांध्यात असतो. स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं क्रियापद असलेली दोन पूर्ण वाक्यं इंग्रजीत नुसत्या कॉमाने जोडली, तर ती कॉमा स्प्लाइस; काहीच न घालता एकापुढे एक ठेवली, तर रन-ऑन. चाळीस शब्दांचं वाक्य निर्दोष असू शकतं आणि सहा शब्दांचं सदोष. मराठीत मात्र ‘पाऊस आला, पेरणी झाली’ हे बिनचूक आहे. मोडीत सलग लिहिणाऱ्या मराठीला विरामचिन्हांची शिस्त एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नांतून इंग्रजीकडून मिळाली. कॉमा आपण घेतला, पण त्याला इंग्रजीत असलेलं हे बंधन घेतलं नाही. म्हणून ही चूक अडाणीपणाची नव्हे, मराठी सवयीची आहे.

समजा, जळकोटचा एक पदवीधर पुण्यातल्या हिशेबनिसाच्या जागेसाठी लिहितो: ‘आय कम्प्लीटेड बी.कॉम. इन २०२२, आय वर्क्ड इन अ सीड शॉप फॉर टू इयर्स, आय केप्ट इट्स अकाउंट्स इन टॅली, देअरफोर आय कॅन हँडल युवर अकाउंट्स.’ प्रत्येक कॉमाच्या दोन्ही बाजू आलटून पालटून हाताने झाका. उरलेला भाग दर वेळी एकटा उभा राहतो. म्हणजे तिन्ही कॉमा चुकीचे. ‘देअरफोर’ही वाचवत नाही, कारण ते क्रियाविशेषण आहे, ‘अँड’, ‘बट’, ‘सो’सारखं वाक्य जोडायचं बळ त्यात नाही. आता तिथे तीन पूर्णविराम दिले, तर व्याकरण सुधारतं, पण ‘आय, आय, आय, देअरफोर’ अशी चार सुटी विधानं उरतात आणि कशातून काय आलं, हे वाचणाऱ्यालाच जुळवावं लागतं. त्याऐवजी नातं ठरवून लिहू: ‘आफ्टर कम्प्लीटिंग बी.कॉम. इन २०२२, आय वर्क्ड फॉर टू इयर्स इन अ सीड शॉप, व्हेअर आय केप्ट द अकाउंट्स इन टॅली. आय कॅन देअरफोर हँडल युवर अकाउंट्स.’ पहिलं वाक्य आधीच्या कुठल्याही तुकड्यापेक्षा लांब आहे, तरी निर्दोष आहे. पूर्णविराम एकच लागला, अनुभव संपून निष्कर्ष सुरू होतो तिथे. आणि ‘आफ्टर कम्प्लीटिंग’ म्हणजे आपलं ‘पूर्ण करून’च! दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, ही अटही दोन्हीकडे सारखी.

कोणी म्हणेल, सीझरचं ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ चालतं ना? चालतं, कारण तिन्ही तुकडे अगदी छोटे, एकाच घाटाचे आहेत आणि क्रम स्वतःच अर्थ सांगतो. पात्रतेच्या पत्रात मात्र कारण आणि परिणाम दाखवायचे असतात. दुसरा आक्षेप: ‘अर्थ कळला की झालं.’ पण वरच्या मूळ वाक्यात टॅलीवर काम दुकानात केलं की पदवीनंतर घरी शिकलं, हे ‘इट्स’ या एका शब्दावर लटकलं होतं. ‘व्हेअर’ने ते पक्कं केलं. म्हणून पत्र तपासताना आधी चिन्ह शोधू नये, नातं शोधावं: कारण आहे, वेळ आहे, विरोध आहे की नुसती भर? उत्तर मिळालं की ‘बिकॉज’, ‘आफ्टर’, ‘बट’, ‘अँड’ यांपैकी जोड आपोआप ठरते. नातंच नसेल, किंवा वरच्यासारखा निष्कर्ष वेगळा उभा करायचा असेल, तिथेच पूर्णविराम द्यावा.