तूप की रिफाइंड तेल?

गेल्या महिन्यात आपांचा रक्ताचा रिपोर्ट आला. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १६८. आपा चक्रावल्या. वर्षभरापूर्वी त्यांनी घरातून तेल हद्दपार करून भाजी, तळण, पराठे, सगळं तुपात सुरू केलं होतं. "रिफाइंड तेल विष आहे, तूप लवकर जळत नाही, असं सगळे सांगतात. मग हे कसं झालं?" त्यांनी मला विचारलं.

आपांनी ऐकलेल्या गोष्टीतला अर्धा भाग खरा आहे, म्हणून आधी तोच पाहू. तेल-तूप तापत गेलं की एका तापमानाला त्यातून सलग निळसर धूर निघू लागतो. त्याला धूरबिंदू म्हणतात. यापुढे स्निग्ध पदार्थ तुटू लागतो आणि डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतो. नीट कढवून गाळलेल्या तुपाचा धूरबिंदू साधारण २५० अंश सेल्सिअस असतो, रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाचा २२५ ते २३०. तुपात बेरी राहिली तर मात्र ती आधीच करपते आणि धूर लवकर येतो.

पण समोसे किंवा भजी तळायला १७० ते १८० अंश पुरतात. पिठाची छोटी गोळी टाकल्यावर ती लगेच बुडबुडे सोडत वर आली की तेल तयार झालं. म्हणजे रोजच्या स्वयंपाकासाठी दोन्हींचा धूरबिंदू पुरेसा आहे. कढईतून धूर निघतो तो बहुधा आच मोठी ठेवल्यामुळे किंवा तेच तेल पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे. तळलेलं तेल प्रत्येक वेळी थोडं बिघडतं, त्याचा धूरबिंदू उतरत जातो. तेल काळं, दाट झालं, फेस विरेना, पहिल्यापेक्षा लवकर धूर येऊ लागला, तर ते टाकून द्यावं. रमजानमध्ये इफ्तारीच्या कढईत उरलेल्या तेलावर दुसऱ्या दिवशी नवं तेल ओतायची सवय अनेक घरांत आहे. ती मोडायलाच हवी.

धूर न येताही तेल बिघडू शकतं, हेही लक्षात ठेवा. सूर्यफूल आणि सोयाबीन तेलात बहुअसंपृक्त मेद जास्त असतो. तो उष्णता आणि हवेने लवकर खराब होतो. तळणासाठी म्हणून शेंगदाणा तेल त्यांच्यापेक्षा बरं. तूप इथे टिकाऊ ठरतं, कारण त्यातला बहुतेक मेद संपृक्त असतो.

आपांचा प्रश्न नेमका इथेच सुटतो. जो संपृक्त मेद तुपाला कढईत टिकवतो, तोच जास्त झाला की रक्तातलं एलडीएल वाढवतो. तुपात साधारण ६० ते ६५ टक्के मेद संपृक्त असतो, शेंगदाणा तेलात सुमारे १८, सूर्यफूल तेलात सुमारे ११.

आपांबरोबर बसून हिशेब मांडला. घरात पाच माणसं, महिन्याला चार किलो तूप. माणशी रोज सुमारे २७ ग्रॅम, त्यात संपृक्त मेद १६ ते १७ ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी संपृक्त मेदाची मर्यादा साधारण २२ ग्रॅम धरतात. म्हशीच्या सायीच्या दुधाचा एक कपच सुमारे आठ ग्रॅमची भर घालतो. मर्यादा तिथेच ओलांडली, आणि मटण अजून ताटात आलेलंही नाही.

मग वाटणी बदलली. महिन्याला पाऊण किलो तूप आणि सव्वातीन किलो शेंगदाणा तेल. माणशी रोज एक छोटा चमचा तूप, बाकी तेल. तेल-तुपातून मिळणारा संपृक्त मेद आता सातेक ग्रॅमवर आला. तूप वरणावर, भातावर, पोळीवर, जिथे त्याचा वास आणि चव लागते तिथे. भाजी आणि तळण तेलात. एकूण वजन मात्र तेवढंच राहिलं, कारण तेल काय आणि तूप काय, दोन्हींच्या ग्रॅमला नऊ कॅलरीच आहेत. वजन उतरवायचं असेल तर चार किलोचे साडेतीन करावे लागतील.

तुपाच्या जागी वनस्पती तूप मात्र आणू नका. ते वेगळंच आहे, आणि स्वस्त तुपात त्याची भेसळही होते.

आपांची पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालूच राहील, तुपाचा चमचा मोजून घेतल्याने ती बंद होत नाही. त्यांनी डब्यात आता छोटा चमचा ठेवला आहे आणि डावला बाहेरचा रस्ता दाखवला आहे.