भाडेकरूची सिगारेट आणि शेजाऱ्याची खिडकी

घरमालकांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो : "डॉक्टर, भाडेकरू खोलीत आणि गॅलरीत सिगारेट ओढतो. शेजारी तक्रार करतात. त्याला थांबवायला सांगण्याचा मला अधिकार आहे का, की हे त्याचं खासगी आयुष्य?"

माझं मत स्पष्ट आहे. सांगायलाच हवं. पण नेमकं काय सांगायचं, हे धुराचा स्वभाव समजल्याशिवाय ठरत नाही.

जळत्या सिगारेटमधून दोन प्रकारचा धूर निघतो. एक ओढणारा आत घेऊन बाहेर सोडतो. दुसरा दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून थेट हवेत जातो. शेजाऱ्यापर्यंत पोहोचणारा धूर मुख्यतः हा दुसरा. तो फिल्टरमधून गेलेलाच नसतो. त्यातले कण इतके बारीक असतात की ते लगेच खाली बसत नाहीत, बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. काही भाग पडदे, गादी आणि भिंतींवर चिकटतो व नंतर हळूहळू पुन्हा हवेत येतो. कपाट उघडलं की शिळा वास येतो, तो हाच.

म्हणून खिडकी उघडणं, एक्झॉस्ट फॅन लावणं, अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर हे उपाय पुरे पडत नाहीत. अगरबत्ती तर स्वतःचा धूर वर घालते! अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हेच सांगितलं : हवा खेळती ठेवून दुसऱ्याच्या धुराचा त्रास पूर्ण टळत नाही, आणि त्याची सुरक्षित अशी पातळी नाही.

आता गॅलरी. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, तीन बिऱ्हाडांना मिळून एकच गॅलरी आहे. मधल्या खोलीत रात्रपाळी करणारा तरुण भाड्याने राहतो. शेजारच्या घरात चार वर्षांची मुलगी, तिला दमा. घरमालक काकांनी तक्रार ऐकून त्याला सांगितलं, "अरे, खोलीत नको, गॅलरीत ओढत जा." त्याने ते मुकाट्याने ऐकलं, आणि मुलीचा खोकला वाढला. कारण साधं आहे. गरम धूर वर चढतो, वरच्या स्लॅबला अडतो आणि छताखालून आडवा पसरतो. गॅलरीत उघडणाऱ्या प्रत्येक खिडकीतून तो आत शिरतो. दम्याच्या मुलांच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात, त्यांना थोडासा धूरही पुरतो. पंप वेळेवर देऊनही रात्रीचा खोकला आणि छातीतली शिट्टी थांबत नसेल, तर मी आई-वडिलांना आधी विचारतो, घरात किंवा शेजारी कोण ओढतं?

काकांनी दुसऱ्यांदा बोलताना शब्द बदलले. "तू सिगारेट सोड" असं ते म्हणाले नाहीत, ते त्यांचं काम नव्हे. ते म्हणाले, "खोलीत नाही, गॅलरीत नाही, जिन्यातही नाही. खाली अंगणाबाहेर, खिडक्यांपासून लांब. आणि संपल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मग वर ये." शेवटचं महत्त्वाचं, कारण विझवल्यानंतरही काही वेळ श्वासातून धूर येतो. तक्रार कुणी केली हे त्यांनी सांगितलं नाही, शेजाऱ्यांत वैर नको म्हणून.

कायद्याचा धाक दाखवू नका. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू असलेले नियम सार्वजनिक जागांसाठी आहेत, राहत्या खोलीसाठी नाहीत. तुमचा खरा आधार म्हणजे भाडेकरार. अकरा महिन्यांनी नवा करताना खोली, गॅलरी आणि जिना अशी नावं घेऊन अट लिहा.

भाडेकरूच्या बाजूनेही बघा. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं, मग चिडचिड आणि ओढ सुरू होते. उठल्यावर पाच मिनिटांत पहिली सिगारेट लागत असेल, तर व्यसन पक्कं आहे समजा. असा माणूस पहाटे तीन मजले उतरेल ही अपेक्षा फोल आहे. इथेच बहुतेक समझोते मोडतात, आणि मालकाला वाटतं पोरगं उद्धट आहे.

त्याला निकोटीनच्या गोळीचा, म्हणजे च्युइंग गमचा, उपयोग होतो. पण ती नेहमीच्या च्युइंग गमसारखी सतत चघळायची नाही. तिखट चव येईपर्यंत चावायची, मग गालात धरून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची, अर्धा तास. आधीची पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही. "गोळीने काही होत नाही" म्हणणारे बहुतेक जण ती चहाबरोबर घेतात. हृदयविकार असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सोडायचीच असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे.

त्या तरुणाने दिवसाच्या सिगारेटी अंगणाबाहेर नेल्या. पहाटेची मात्र अजून अधूनमधून गॅलरीत होते, तेव्हा काका दार उघडून नुसते उभे राहतात.