शेरा की सूड?

आमच्या भोपाळच्या ऑफिसात एका मैत्रिणीच्या वार्षिक रिव्ह्यूत शेरा आला : ‘जबाबदारी घेत नाही.’ कोणत्या कामात, ते नाही. वर्षभराच्या बैठकांच्या नोंदींत अशी तक्रार कुठेच नव्हती. रजेवरून साहेबांशी वाद झाला, त्यानंतर पंधरा दिवसांनी हा शेरा. आता नुसत्या तारखांवरून छळ सिद्ध होत नाही. ‘मार्चच्या दोन रिलीजना टेस्ट लिहिल्या नाहीत, जूनपर्यंत लिहा’ असं असतं, तर झोंबलं तरी रास्तच.

२००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने देव दत्त खटल्यात सांगितलं, की सरकारी कर्मचाऱ्याला प्रत्येक शेरा कळवायलाच हवा, म्हणजे त्याला दाद मागता येईल. खासगी कंपनीला हा निकाल लागू नाही. म्हणून तिने मेलवरच विचारलं : प्रसंग कोणता, सुधारणा काय हवी? उत्तर आलं, ‘एकूण इंप्रेशन.’ ते तिने जपून ठेवलंय; एचआरकडे जाताना लागेल.