बेरीज कुठे हरवते?

हिर्डोशीच्या परिसरातील चार शेतकऱ्यांकडून भात घेतले आणि त्याचा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, असे धरू. B रकान्यात किलोमधील वजने आहेत: ४२०, ३८०, ५१०, २९०. इंद्रायणीचा दर ३० रुपये E1 या घरात, आणि त्याखाली E2 मध्ये आंबेमोहोराचा दर ३४. (दर केवळ उदाहरणापुरते.) चौघांचेही भात इंद्रायणीच आहे. पहिल्या ओळीत रकमेसाठी असे सूत्र लिहिले:

```
=B2*E1
```

पहिली रक्कम १२,६०० अचूक येते. मात्र सूत्र खाली ओढताच पुढच्या ओळीत ते `=B3*E2` होते, कारण एक्सेल दराचे घरही एक पायरी खाली सरकवते. तिसऱ्या व चौथ्या ओळीत शून्य येते, कारण E3 आणि E4 रिकामी आहेत. शून्य चटकन डोळ्यांत भरते. खरा धोका दुसऱ्या ओळीचा. तेथे ११,४०० ऐवजी १२,९२० येतात आणि हा आकडा कोणालाही खटकत नाही. दराचे घर डॉलरच्या चिन्हाने खिळवून ठेवावे:

```
=B2*$E$1
```

आता चारही रकमा बरोबर येतात. त्यांची बेरीज ४८,०००. वजनांची बेरीज मात्र `=SUM(B2:B5)` ने १,२२० दाखवते. असायला हवी १,६००. नेमके ३८० किलो कमी आहेत.

ते ३८० मोबाइलवरील संदेशातून उचलून चिकटवले होते आणि घरात अंक म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून बसले. गुणाकार करताना एक्सेल अशा मजकुराचे मुकाट्याने अंकात रूपांतर करते. SUM मात्र त्याला वगळते. म्हणून रक्कम पूर्ण आणि वजन अपुरे, असा विचित्र ताळेबंद दिसतो. कोणी ‘२९० किलो’ असे लिहिले, तर गुणाकारही अडतो आणि `#VALUE!` येते. ते एका अर्थी बरेच म्हणायचे, कारण चूक निदान ओरडून तरी सांगते.

ताळा सोपा आहे. एकूण रकमेला दराने भागावे: ४८,००० भागिले ३० म्हणजे १,६००. वजनाच्या बेरजेशी तो जुळला नाही की मजकुराचा संशय घ्यावा. शिवाय `=COUNT(B2:B5)` केवळ अंक मोजते, तर `=COUNTA(B2:B5)` भरलेली सर्व घरे. येथे पहिले ३ आणि दुसरे ४ दाखवील. मजकूर बहुधा घराच्या डाव्या कडेला चिकटतो, पण हौशी मंडळी सर्व रकाना मध्यभागी आणतात आणि ही खूण पुसली जाते.

दुरुस्तीसाठी घराचा प्रकार Number करणे पुरत नाही. आतला मजकूर तसाच राहतो. प्रकार General करून तो रकाना निवडावा, Data मधील Text to Columns उघडावे आणि थेट Finish दाबावे. ‘किलो’सारखा शब्द मात्र यानेही जात नाही, तो हातानेच काढावा लागतो; एककाची जागा रकान्याच्या शीर्षकात.