बिलाच्या ओळीत दडलेला तोटा

बडनेऱ्याहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव. येथील घाऊक दुकानांतून भोवतालच्या खेड्यांतील लहान किराणा दुकानांना माल जातो. तेलाचे डबे, साखरेची पोती, डाळी, साबण, बिस्किटे असा पाच-सात जिनसांचा माल एका बिलावर निघतो, शेवटी बेरीज होते, बेरजेवर ठरलेली सूट दिली जाते आणि गाडी भरली जाते. वर्षाअखेरीस सनदी लेखापाल ताळेबंद मांडतो, तेव्हा ठोक नफ्याचा एकच आकडा समोर येतो. तो आकडा खोटा नसतो. परंतु कोणत्या जिनसेने कमावले आणि कोणत्या जिनसेने ती कमाई खाल्ली, हे तो सांगत नाही. ते समजण्यासाठी बिल ओळीओळीने वाचावे लागते.

समजण्यास सोपे जावे म्हणून असे एक बिल कल्पनेने मांडून पाहू. सर्व रकमा जीएसटी वगळून धरल्या आहेत. खेड्यातील एका दुकानदाराने सोयाबीन तेलाचे 5 डबे 2,040 रुपये भावाने घेतले. दुकानात त्यांचा पडलेला भाव 2,010 रुपये. साखरेची 4 पोती 2,080 रुपये भावाने घेतली. पडलेला भाव 2,060 रुपये. सुटी चणाडाळ 60 किलो, विक्री 82 रुपये, पडलेला भाव 78 रुपये. अंगाच्या साबणाच्या 2 पेट्या, विक्री 1,100 रुपये, पडलेला भाव 980 रुपये. बिस्किटे एकूण 3,360 रुपयांची, त्यांची खरेदी 2,900 रुपयांची. बिलाची बेरीज 29,000 रुपये झाली आणि मालाची किंमत 27,830 रुपये. म्हणजे 1,170 रुपये सुटतात. नियमित गिऱ्हाईक म्हणून बेरजेवर दोन टक्के, म्हणजे 580 रुपये सूट दिली. उरले 590 रुपये. नफा कमी असला तरी नफाच आहे, असे समजून बिल फाईलला लागते.

आता हीच 580 रुपयांची सूट प्रत्येक ओळीवर तिच्या रकमेच्या प्रमाणात वाटावी. तेलाची ओळ 10,200 रुपयांची आहे. तिच्या वाट्याला 204 रुपयांची सूट येते. तेलात मुळात सुटत होते 150 रुपये. म्हणजे या ओळीत 54 रुपये तोटा झाला. साखरेची ओळ 8,320 रुपयांची. सुटीचा वाटा 166 रुपये 40 पैसे आणि मूळ नफा 80 रुपये. येथे 86 रुपये 40 पैसे तोटा. डाळीत 141 रुपये 60 पैसे, साबणात 196 रुपये आणि बिस्किटांत 392 रुपये 80 पैसे नफा राहिला. पाचही ओळींची बेरीज पुन्हा 590 रुपयेच येते. आकडा बदलत नाही, त्यामागचे चित्र मात्र पूर्ण बदलते. बिलातील जवळजवळ दोन तृतीयांश माल, म्हणजे तेल आणि साखर, तोट्यात गेला आहे. लहान ओळींनी मिळवलेल्या 730 रुपयांतून 140 रुपये त्याची भरपाई करण्यात खर्ची पडले आहेत.

कारण उघड आहे. तेलात विक्रीच्या सुमारे दीड टक्का सुटतो, साखरेत एक टक्क्याहूनही थोडे कमी. जी ओळ एक टक्का कमावते तिच्यावर दोन टक्के सूट देता येत नाही. पण सूट बेरजेवर दिली की हा विचार करण्याची वेळच येत नाही. याच दुकानदाराला तेल व साखर वगळून उरलेल्या 10,480 रुपयांवर दोन टक्के सूट दिली असती, तर ती 209 रुपये 60 पैसे झाली असती आणि त्या बिलात 590 ऐवजी 960 रुपये उरले असते.

हिशेब संगणकावर करायचा असल्यास तक्त्यात अ‍ॅपासून एफपर्यंतच्या रकान्यांत अनुक्रमे जिन्नस, नग, विक्रीभाव, ओळीची रक्कम, सुटीचा वाटा आणि पडलेला भाव भरावा. वरील बिलाच्या पाच ओळींसाठी पहिले सूत्र सुटीचा वाटा देते आणि दुसरे त्या ओळीचा नफा किंवा तोटा.

```
E2: =D2/SUM(D$2:D$6)*580
G2: =D2-E2-B2*F2
```

महिन्याची सारी बिले अशी मांडून शेवटचा रकाना चढत्या क्रमाने लावला की तोट्याच्या ओळी आपोआप वर येतात. सूट मात्र ज्या त्या बिलाची त्या त्या बिलातील ओळींवरच वाटली पाहिजे. साऱ्या महिन्याची सूट एकत्र करून वाटल्यास ज्या गिऱ्हाइकाला सूट दिलीच नाही त्याच्या ओळीही विनाकारण तोट्यात दिसतात.

या हिशेबाचा सारा भार एका आकड्यावर आहे. तो आकडा म्हणजे पडलेला भाव, आणि नेमका तोच बहुधा चुकतो. साखरेचेच उदाहरण घ्यावे. समजा, खरेदीच्या बिलावर पोत्याचा भाव 2,035 रुपये आहे आणि गाडीभाडे व हमाली मिळून पोत्यामागे 25 रुपये लागतात. म्हणून पोते दुकानात 2,060 रुपयांना पडते. पण भाडे व हमाली किर्दीत वेगळ्या खात्याला नोंदली जातात आणि मालाच्या खात्यात 2,035 रुपयेच राहतात. संगणक त्या भावाने हिशेब करतो आणि सूट वजा जाऊनही साखरेच्या ओळीत 13 रुपये 60 पैसे नफा दाखवतो. प्रत्यक्षात तेथे 86 रुपये 40 पैसे तोटा आहे. टॅलीमध्ये खरेदीच्या नोंदीतच असा खर्च मालाच्या किमतीत धरण्याची सोय आहे. ती मुद्दाम सुरू करावी लागते. वजनदार आणि कमी नफ्याच्या मालात ही काळजी सर्वांत जरुरीची, कारण तेथे भाड्याची रक्कम नफ्याहून मोठी असू शकते.

उलट प्रकारची चूक कराच्या घोटाळ्यातून होते. 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, बिस्किटे अशा अनेक जिनसांवरील जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्या सुमारास करासह भाव लिहिण्याची सवय असलेल्या दुकानांत विचित्र आकडे दिसणे साहजिक होते. वरील साबणाची पेटी जुन्या दराने करासह 1,156 रुपये 40 पैशांना आली असेल आणि नव्या दराने करासह 1,155 रुपयांना विकली गेली असेल, तर पेटीमागे 1 रुपया 40 पैसे तोटा झाल्याचा भास होतो. वास्तविक खरेदीवर भरलेल्या कराचे इनपुट क्रेडिट दुकानदाराला मिळालेले आहे. त्याची खरी किंमत 980, खरी विक्री 1,100 आणि सूट देण्यापूर्वीचा नफा 120 रुपये. म्हणून दोन्ही बाजूंचे भाव कर वगळून धरावेत. कंपोझिशन योजनेत असलेल्या व्यापाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला खरेदीवरील कराचे क्रेडिट मिळत नाही. त्याच्यासाठी तो कर मालाच्या किमतीचाच भाग होतो.

सुटीची काही रूपे तर बिलावर उमटतच नाहीत. वसुलीच्या वेळी ‘वरचे पैसे सोडा’ म्हणून जे दोन-अडीचशे रुपये सोडले जातात, ते त्यापैकीच एक. बिलावर दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. नंतर असेच सोडून दिलेल्या रकमेवर मात्र दुकानदाराने कर भरलेला असतो. दुसरे रूप मोफत नगाचे. दहा नगांवर एक मोफत दिला म्हणजे दहा टक्के सूट, असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात अकरा नगांचा माल दहाच्या किमतीत गेला, म्हणजे सूट सुमारे 9.1 टक्के झाली. कंपनीकडून तशीच योजना मिळाली असेल तर हरकत नाही. अडचण उद्भवते ती कंपनीची योजना संपल्यावर. गिऱ्हाइकाला सवय लागलेली असते, मोजणारा नोकर जुन्याच हिशेबाने नग देत राहतो आणि तो मोफत नग शून्य रुपयांची ओळ म्हणूनही बिलावर येत नाही. गोदामातील मोजणीत मालाची तूट दिसते आणि दोष उंदरांवर किंवा नोकरावर जातो. एखाद्याच कंपनीच्या मालात दर महिन्याला तूट येत असेल, तर आधी बंद झालेली योजना तपासावी.

एवढे झाल्यावर तोट्याची प्रत्येक ओळ बंद करावी काय? तसे करणे घाईचे ठरेल. तेल आणि साखर नाही मिळाली तर खेड्यातील दुकानदार साबण-बिस्किटांसाठीही येणार नाही, ही शक्यता खरी आहे. म्हणून तोट्याच्या ओळीबरोबर त्याच बिलात दुसरे काय गेले ते पाहावे. वरील गिऱ्हाइकाने नफ्याचा मालही नेला. त्याच्या बाबतीत 140 रुपयांचा तोटा सोसणे परवडते. पण फक्त 5 डबे आणि 4 पोती नेणाऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही दोन टक्के सूट मिळत असेल, तर त्याच्या 18,520 रुपयांच्या बिलात 230 रुपये सुटतात आणि 370 रुपये 40 पैसे सुटीत जातात. ते संपूर्ण बिलच तोट्याचे आहे. मोठी खरेदी करतो म्हणून सर्वांत आदराने वागवले जाणारे गिऱ्हाईक कधी कधी हेच असते. सूट बंद करायची झाल्यास ती येथून सुरू करावी.

ओळीच्या हिशेबालाही मर्यादा आहे. उधारी त्यात दिसत नाही. वऱ्हाडात खेड्यातील दुकानदाराचे पैसे बरेचदा सोयाबीन किंवा कापूस विकला गेल्यावरच सुटतात. पहिल्या बिलाचे पैसे 60 दिवसांनी आले आणि बँकेच्या कॅश क्रेडिटवर वार्षिक 12 टक्के व्याज पडत असेल, तर 27,830 रुपयांच्या मालावर दोन महिन्यांचे व्याज सुमारे 549 रुपये होते. बिलात उरलेल्या 590 रुपयांतून ते गेले की हाती 41 रुपये राहतात, आणि त्यातून अजून दुकानाचे भाडे, वीज व पगार निघायचे आहेत. तेल-साखरेवर सूट दिली नसती तर व्याज जाऊनही 411 रुपये उरले असते. दोन टक्के सूट ही मुळात रोख पैशाची किंमत आहे. तीच सूट दोन महिन्यांच्या उधारीवर दिली, तर गिऱ्हाइकाला एकाच वेळी रोखीचा आणि उधारीचा असा दोन्ही भाव मिळतो.

पहिल्या महिन्यात सारी बिले तपासणे जमत नसेल तर सर्वाधिक रकमेच्या दहा जिनसा घ्याव्यात, त्यांचा पडलेला भाव भाडे व हमालीसह नव्याने लिहून काढावा आणि एकाच आठवड्याची बिले ओळीने मांडावीत. ज्या जिनसेतील सुटणारी टक्केवारी नेहमीच्या सुटीहून कमी निघेल, तिच्यापुढे बिल करणाऱ्याच्या यादीत ‘सूट नाही’ असे लिहून ठेवावे.