अट क्वेरीत हवी, पडद्यावर नको

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरबद्दल शंका काढली की पुरवठादाराकडून हमखास एक उत्तर येतं: "साहेब, दीपनगरच्या कारकुनाला दीपनगरचीच खाती दिसतात. शाखेचा रकाना बघा, करडा केलाय, बदलताच येत नाही." संचालक पडद्याकडे बघतात, रकाना खरंच बदलत नाही, चहा येतो आणि विषय संपतो. हे उत्तर खोटं नाही, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं नाही. कारकुनाला काय दिसतं हा प्रश्नच नव्हता. त्याच्या लॉगिनवर सर्व्हर काय काय देऊन टाकतो, हा प्रश्न आहे.

वीज कर्मचाऱ्यांची एक पतसंस्था धरून चालू. मुख्यालय जळगावला, शाखा दीपनगर, वरणगाव, सावदा, फैजपूर आणि धुळ्याला. दीपनगरचा कारकून सकाळी लॉगिन करतो आणि कर्जखात्यांची यादी उघडतो. त्याच्या ब्राउझरकडून सर्व्हरला एवढीच मागणी जाते:

```
GET /api/loans?branch_id=4
```

हा 4 म्हणजे दीपनगर. तो सर्व्हरला सांगितला कुणी? कारकुनाच्याच ब्राउझरने. F12 दाबून नेटवर्कचा रकाना उघडला की ही ओळ जशीच्या तशी दिसते. ती उचलून 4 च्या जागी 7 लिहून पाठवली की सावद्याची कर्जखाती हजर. `branch_id` गाळूनच टाकला तर बऱ्याचदा सगळ्या शाखांची यादी येते, कारण कोड लिहिणाऱ्याने 'शाखा दिली असेल तर गाळा, नसेल तर सगळं द्या' असं मुख्यालयाच्या सोयीसाठी लिहून ठेवलेलं असतं. करडा रकाना फक्त माउसला अडवतो. मागणीला अडवणारं तिथे काहीच नाही.

याहून भोंगळ प्रकारही आढळतो. सर्व्हर सगळ्या शाखांच्या नोंदी पाठवतो आणि त्यातून दीपनगरच्या वेचून दाखवायचं काम ब्राउझरमधला कोड करतो. हा प्रकार ओळखायला F12 सुद्धा लागत नाही. सर्व्हर एका पानाला पन्नास नोंदी देतो, त्या सगळ्या शाखांच्या मिसळलेल्या, आणि गाळणी नंतर लागते. म्हणून पहिल्या पानावर सहा खाती दिसतात, दुसरं पान रिकामं, तिसऱ्यावर अकरा. खाली मात्र 'एकूण' म्हणून अख्ख्या संस्थेचा आकडा. काउंटरवरचा माणूस तक्रार करतो की पानं रिकामी येतात, आणि ती तक्रार 'किरकोळ, पडद्याची' म्हणून वहीत चढते. वास्तविक त्या रिकाम्या पानावर इतर शाखांच्या पन्नास सभासदांच्या नोंदी नुकत्याच दीपनगरच्या संगणकात येऊन गेलेल्या असतात.

आता पूर्वपक्षाचे मुद्दे घेऊ.

पहिला मुद्दा माणसांचा. "आमचे कारकून तसे नाहीत, आणि त्यांना हे F12 वगैरे येतही नाही." कारकून चांगले असतील, बहुतेक असतातच. पण ज्ञानाचा आधार घेऊ नका. ब्राउझरच्या पट्टीत `/loans/20418` असं दिसत असताना शेवटचा आकडा बदलून बघायला कुणालाही शिकवावं लागत नाही. अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर नेमका असाच दोष होता. दुव्यातला आकडा बदलला की दुसऱ्याच ग्राहकाची घरखरेदीची कागदपत्रं उघडत, तिथे तर लॉगिनही लागत नसे. 2019 च्या मे महिन्यात ते उजेडात आलं तेव्हा सुमारे 88.5 कोटी नोंदी अशा उघड्या असल्याचं निघालं. त्यासाठी कुणाला सॉफ्टवेअर फोडावं लागलं नव्हतं, आकडा बदलणं पुरेसं होतं. आपल्याकडे आकडा लहान असेल, पण सोयरीक ठरताना मुलाच्या वडिलांचं कर्ज थकलंय का, हे कळावं असं वाटणारी माणसं सावद्यात आणि दीपनगरात काही कमी नाहीत. ती कारकुनाच्या ओळखीची असतात, कधी नात्यातलीच.

शिवाय चांगल्या कारकुनाचीच यात जास्त पंचाईत होते. सावद्याच्या सभासदाची थकबाकी गावभर झाली आणि ती पाहण्याची वाट पाचही शाखांना मोकळी होती, तर संशय पाचही शाखांतल्या प्रत्येकावर येतो. 'माझ्या लॉगिनला ते उघडतच नाही' एवढं एक वाक्य त्याला वाचवू शकलं असतं. ते म्हणायची सोय सॉफ्टवेअरने ठेवलेली नाही.

"पण लॉग आहे ना आमच्याकडे" हे याच मुद्द्याचं शेपूट. लॉगमध्ये काय लिहिलं जातं? अमुक वापरकर्त्याने अमुक वेळी कर्जखातं मागितलं, उत्तर 200, म्हणजे सगळं ठीक. सर्व्हरच्या लेखी चूक घडलेलीच नसते, मग लॉग बोंब मारणार कशाची? मागणारा कुठल्या शाखेचा आणि खातं कुठल्या शाखेचं, हे दोन्ही नोंदवलं असेल तरच नंतर काही शोधता येतं. आणि ते दोन्ही जागच्या जागी तपासू शकत असाल, तर मग नुसतं लिहून का ठेवता, अडवत का नाही?

"सॉफ्टवेअर बाहेरून उघडत नाही" या म्हणण्यावर फार शब्द खर्च करत नाही. इथे बाहेरचा कुणी नाहीच. लॉगिन खरं, संगणक संस्थेचा, माणूस पगारी.

खरा विचार करायला लावणारा मुद्दा वेगळाच आहे आणि तो प्रामाणिक आहे. "शाखा कडेकोट बंद केल्या तर काम थांबेल. दीपनगरचा सभासद दुसऱ्या वीज केंद्रात बदलून गेला, त्याचं खातं इथेच राहिलं. सावद्याच्या कर्जदाराला जामीनदार दीपनगरचा. फैजपूरला कर्ज देताना त्याने आधी किती जणांना जामीन दिलाय ते पाहावंच लागतं." हे सगळं खरं आहे. पगारातून हप्ता कापणाऱ्या संस्थेत जामीनदाराची कुवत न पाहता कर्ज देणं हा वेडेपणाच ठरेल.

पण यातून निष्कर्ष काय काढला जातो ते बघा: गरज एका आकड्याची, म्हणून अख्खा उतारा खुला! फैजपूरच्या कारकुनाला दीपनगरच्या जामीनदाराबद्दल कळायला हवं ते एवढंच: तो सभासद आहे का, सध्या किती कर्जांना जामीन आहे, आणखी एक जामीन नियमात बसतो का. त्याची ठेव, त्याची थकबाकी, त्याचा वारसदार, आधार क्रमांक यांचा इथे संबंध नाही. म्हणून त्यासाठी वेगळी मागणी असावी, जी सभासद क्रमांक घेईल आणि एवढीच तीन उत्तरं देईल. बदलून गेलेल्या सभासदाचं खातं रीतसर दुसऱ्या शाखेकडे सोपवण्याची सोय असावी. मुख्यालयाच्या लेखापरीक्षकाला सगळ्या शाखा लागतात, तर त्याची भूमिका सर्व्हरवर वेगळी नोंदवावी. हे अपवाद एकेक करून लिहायला कंटाळा येतो, हे मान्य. पण त्या कंटाळ्याला 'कुठल्याही शाखेत सेवा' असं गोंडस नाव देऊ नये.

आणि ही मर्यादा काही सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 32 सभासदाला कायदा, उपविधी, ताळेबंद, सभासदांची नोंदवही पाहू देतं. पण हिशेबाच्या वह्यांपैकी त्याचे स्वतःचे व्यवहार नोंदलेला भागच. म्हणजे कुणी कुठली ओळ पाहायची, हे सहकाराच्या कायद्याने वह्या-खतावण्यांच्या काळातच ठरवलं होतं. ते बंधन संस्थेच्या मालकावर, म्हणजे सभासदावर आहे. मग दुसऱ्या शाखेच्या नोकराला त्याहून मोकळीक कुठल्या न्यायाने? त्यात आता 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने माहिती जपण्याची वाजवी व्यवस्था ठेवण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये ठेवली आहे. पुरवठादार नव्हे, संस्था उत्तरदायी.

मग करायचं काय? ब्राउझरने सांगितलेल्या शाखेवर विश्वास ठेवायचाच नाही. लॉगिन झालं त्या क्षणी सर्व्हरला माणूस कळतो. त्याची शाखा सर्व्हरने आपल्याच नोंदीतून काढायची आणि ती प्रत्येक क्वेरीत घालायची:

```sql
SELECT loan_no, member_name, balance
FROM loans
WHERE loan_no = :loan_no
  AND branch_id = :session_branch;
```

शेवटची ओळ हाच सगळा वाद. ती यादीच्या क्वेरीत बहुधा असते, एका खात्याच्या तपशिलात विसरते, आणि छपाई, एक्सेल व मोबाइल क्रमांकावरून शोध यांत तर सर्रास विसरते. पन्नास ठिकाणी लिहायची गोष्ट एकावन्नाव्या ठिकाणी राहणारच. म्हणून जिथे जमेल तिथे हा नियम डेटाबेसमध्येच घालावा. पोस्टग्रेसमध्ये 9.5 आवृत्तीपासून ही सोय आहे:

```sql
ALTER TABLE loans ENABLE ROW LEVEL SECURITY;
ALTER TABLE loans FORCE ROW LEVEL SECURITY;
CREATE POLICY own_branch ON loans
  USING (branch_id = current_setting('app.branch_id')::int);
```

आता प्रोग्रामर अट विसरला तरी सावद्याची ओळ दीपनगरला मिळत नाही. यातही खाचखळगे आहेत. `FORCE` गाळलं तर टेबलाच्या मालकाला नियम लागू होत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी सॉफ्टवेअर त्या मालकाच्याच लॉगिनने चालतं. नियम लिहिलेला असतो, अडत कुणाचंच नाही. सुपरयूजर तर `FORCE` लाही जुमानत नाही, म्हणून सॉफ्टवेअरला वेगळं, साधं लॉगिन द्यावं लागतं. दुसरं, डेटाबेसची तीच जोडणी अनेकांना आळीपाळीने मिळते. `app.branch_id` हे मूल्य `SET LOCAL` ने त्या व्यवहारापुरतं दिलं नाही, तर आधीच्या माणसाची शाखा पुढच्याला चिकटते. आणि कारकुनाची फैजपूरला बदली झाली तर जुनं लॉगिन त्याच दिवशी रद्द झालं पाहिजे, नाहीतर ते मुदत संपेपर्यंत दीपनगरच उघडत राहील. मायएसक्यूएलवर अशी अंगभूत सोय नाही. तिथे सगळ्या क्वेऱ्या एकाच दारातून जातील असा थर लिहावा लागतो.

काही पुरवठादार खातेक्रमांकाच्या जागी लांबलचक यादृच्छिक आकडा घालून 'प्रश्न मिटला' म्हणतात. त्याने अंदाज करणं अवघड होतं, एवढंच. दुवा व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला पाठवला की संपलं, कारण परवानगी अजूनही कुणी तपासत नाही.

संचालक मंडळाला हे सगळं तांत्रिक वाटत असेल तर एवढं करा. पुढच्या वर्षीच्या देखभाल करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला समोर बसवा. दीपनगरच्या कारकुनाच्या लॉगिनने सावद्याचं एक कर्जखातं पाच वाटांनी मागायला लावा: यादीतून शाखा क्रमांक बदलून, थेट खातेक्रमांकाने, छपाईतून, एक्सेलमधून आणि शोधातून. पाचही ठिकाणी 'असं खातं नाही' हेच उत्तर आलं पाहिजे. 'ते खातं आहे, पण तुम्हाला परवानगी नाही' असं आलं तर खातं असल्याचं कळून गेलंच, म्हणून तेही दुरुस्त करायला सांगा. एका जरी वाटेने सावद्याचा आकडा बाहेर आला, तर सही करू नका.